उन्हाळ्यात गावात दुखण्याच्या गोळ्यांवर बोलायचं आहे? नव्या डॉक्टरांसाठी थोडी पूर्वतयारी

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात की थोड्याच दिवसांत सरपंच नाहीतर आशाताई म्हणणार, "डॉक्टरसाहेब, लोक मनानंच गोळ्या घेतात, एकदा गावात येऊन बोला." बोलायला जरूर जा. मात्र 'स्वतःच्या मनाने औषधं घेण्याचे धोके' असा अख्खा विषय घेऊन जाऊ नका. अँटिबायोटिक, सलाईन, झोपेच्या गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं असं सगळं एका संध्याकाळी सांगितलं की लोक मान डोलावतात, चहा घेतात आणि घरी जाऊन डब्यातली तीच गोळी काढतात.

खान्देशात बोलायचं तर माझ्या मते एकच मुद्दा उचलावा: ऊन, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचं काय होतं. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात कापणीचे घड त्याच दिवसांत खांद्यावरून वाहिले जातात. कंबर दुखणारच आणि गोळी घेतली जाणारच. इथे तुम्ही खरोखर काही बदलू शकता.

पहिली पायरी: वेळ आणि माणसं

सभा मार्चअखेर किंवा आखाजीच्या आधी ठेवा. मे उजाडल्यावर ठेवली तर ज्यांना सांगायचं ते पहाटे पाचलाच मळ्यात गेलेले असतात आणि संध्याकाळी बसायचं त्राण त्यांच्यात उरत नाही. रात्री आठनंतर, जेवणं झाल्यावर, मारुतीच्या पारावर किंवा ग्रामपंचायतीपुढे बसणं बरं. केळी कापणाऱ्या टोळीच्या मुकादमाला आधी जाऊन भेटा. तो आला तर टोळी येते, आणि दुपारी पाण्याचा ड्रम मळ्यात ठेवायचा की नाही हे बहुतेक तोच ठरवतो.

बायकांसाठी वेगळी बैठक लावा. बचत गटाच्या दिवशी सोयीचं पडतं. पाळीतल्या दुखण्याच्या गोळ्या आणि गरोदरपण यांवर त्या पुरुषांसमोर बोलणार नाहीत. पाच महिने झाल्यावर या गोळ्या पोटातल्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करू शकतात आणि शेवटच्या तीन महिन्यांत बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद होऊ शकते, एवढं तिथे स्पष्ट सांगायचं.

मेडिकलवाल्यालाही बोलवा. पुष्कळ नवे डॉक्टर भाषणात त्याच्यावरच तोंडसुख घेतात. त्यातून टाळ्या मिळतात, पण दुसऱ्या दिवशी गाव पुन्हा त्याच्याच दुकानात जाणार असतं. तो आपल्या बाजूने असला तर "बीपीची गोळी चालू आहे का?" एवढा एक प्रश्न तो दिवसातून अनेकदा विचारू शकेल. आपल्याला तेवढं जमत नाही.

दुसरी पायरी: आठवडाभर आधी रिकाम्या पट्ट्या गोळा करा

संपूर्ण तयारीतलं हे काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं. आशाताईंना सांगा की घराघरांतून दुखण्याच्या, तापाच्या आणि सर्दीच्या गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणायच्या. कुणी घेतली, कशासाठी घेतली, हे विचारायचं नाही. नुसती पट्टी. नावं विचारली की पट्ट्या लपवल्या जातात.

जमलेल्या पट्ट्या टेबलावर ओता आणि त्यांचे तीन ढीग करा. पहिल्या ढिगात नुसतं पॅरासिटामॉल. दुसऱ्यात डायक्लोफेनॅक, एसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड या जातीच्या गोळ्या. यांना आपण सभेत 'सूज-दुखीच्या गोळ्या' म्हणू. तिसऱ्यात मिश्र गोळ्या, म्हणजे एकाच गोळीत एसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल, नाहीतर सर्दीच्या गोळीत दडलेलं पॅरासिटामॉल. बहुतेक गावांत तिसरा ढीग सगळ्यात उंच निघतो. आपण नुसतं पॅरासिटामॉल घेतो अशी ज्याची समजूत असते, तो प्रत्यक्षात दुसऱ्या ढिगातलंही औषध घेत असतो, हे त्या ढिगाकडे बोट दाखवूनच सांगता येतं.

वेगवेगळ्या कंपन्यांची, वेगवेगळ्या रंगांची, पण आत तेच डायक्लोफेनॅक असलेली तीन-चार पाकिटं बाजूला काढून ठेवा. "सकाळची लाल गोळी लागू पडली नाही म्हणून दुपारी हिरवी घेतली" हे खान्देशात रोज ऐकायला मिळतं. लाल आणि हिरवी शेजारी ठेवून बारीक अक्षरातलं नाव एखाद्या शाळकरी मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन्हींवर तेच नाव निघालं की माणसं आपसांत बोलायला लागतात. त्यांना बोलू द्या.

अर्धी कापलेली पट्टीही दाखवा. सुट्ट्या गोळ्या घेताना ज्या तुकड्यावर नाव आणि मुदत असते तो दुकानातच राहून जातो. नाव नसलेली गोळी घरात ठेवायची नाही. मेडिकलवाल्याकडून पुडीवर नाव लिहून घ्यायचं. पट्टीवर उभी लाल रेघ असली तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, हेही इथेच सांगून टाका.

तिसरी पायरी: मूत्रपिंडात काय होतं ते ठिबकवरून सांगा

जळगाव जिल्ह्यात ठिबक समजावून द्यावं लागत नाही. विहिरीवरच्या फिल्टरला पाणी आत येण्याचा एक कॉक असतो, बाहेर जाण्याचा एक असतो आणि मध्ये दाब असला तरच पाणी गाळलं जातं. आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात असे सुमारे दहा लाख बारीक फिल्टर आहेत आणि रक्त त्यांतून दाबाने गाळलं जातं.

घाम गेला, पाणी प्यायलं नाही, जुलाब झाले की अंगातलं पाणी घटतं आणि दाब पडतो. अशा वेळी मूत्रपिंड स्वतःच एक रसायन तयार करून आत येणारा कॉक जास्त उघडा धरतं. त्याचं नाव प्रोस्टाग्लँडिन, पण सभेत नाव घेण्याची गरज नाही. सूज-दुखीची गोळी नेमकं हेच रसायन बनू देत नाही. गुडघ्यात ते बनलं नाही की दुखणं थांबतं, आणि मूत्रपिंडात बनलं नाही की आतला कॉक आवळला जातो. गोळी एकच, दोन्ही कामं तिचीच.

आता यात बीपीच्या गोळ्या आणा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल या जातीच्या गोळ्या बाहेरचा कॉक सैल करतात. लघवी वाढवणारी गोळी टाकीतलं पाणी कमी करते, आणि ती पुष्कळदा बीपीच्या त्याच गोळीत मिसळलेली असते. एरवी या दोन्ही गोळ्या हिताच्याच. पण आतला कॉक आवळलेला, बाहेरचा सैल आणि टाकी अर्धी, अशी अवस्था झाली तर फिल्टरमध्ये दाब राहणार कुठून? हे सांगताना हाताने दोन कॉक फिरवून दाखवा. ज्याने ठिबक चालवलं आहे त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितलीच पाहिजे. धडधाकट तरुणाने पोटभर जेवून, पाणी पिऊन दोन दिवस अशी गोळी घेतली तर बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही. समोर बसलेल्या प्रत्येकाने ती कधी ना कधी घेतलेली आहे आणि तो ठणठणीत आहे. "एका गोळीने किडनी जाते" असं बोललात की पहिल्याच मिनिटाला तुमच्यावरचा विश्वास उडाला म्हणून समजा. धोका कुणाला आणि कधी, हे सांगायचं: साठीच्या पुढचे, बीपी-मधुमेहवाले, ज्यांचं मूत्रपिंड आधीच कमकुवत आहे ते, आणि ज्याच्या अंगातलं पाणी आज कमी झालंय तो प्रत्येक जण.

चौथी पायरी: एक रुग्ण दिवसागणिक सांगा

गावातल्या कुणाचीही गोष्ट सांगू नका, नाव वगळलं तरी ओळख पटते. चार-पाच रुग्णांमधून मिळून एक माणूस तयार करा. मी वापरतो तो असा.

वय ५२, केळीचे घड वाहणारा. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी मिसळलेली एकच गोळी रोज घेतो, आणि त्यात काही चूक नाही. मे महिना. सोमवारी कंबर भरते. मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलची मिश्र गोळी आणतो, सकाळ-संध्याकाळ घेतो. उतार पडतो, काम चालू राहतं. सोबत गॅसची गोळीही घेतो, कारण पोटात जळजळ होऊ नये हे त्याला कुणीतरी सांगितलेलं आहे. मंगळवारी आणि बुधवारी दिवसातून तीन गोळ्या होतात. मळ्यातला पाण्याचा ड्रम दुपारपर्यंत तापतो, म्हणून पाणी कमीच पितो.

गुरुवारी लग्नाच्या पंगतीनंतर जुलाब होतात. बीपीची गोळी नेहमीसारखी घेतो आणि अंग मोडून आलं म्हणून दुखण्याची आणखी एक. शुक्रवारी दिवसभरात एकदाच लघवी होते, तीही थोडी आणि गडद. त्याकडे कुणाचं लक्ष नसतं. ऊन आहे, घाम जातो, लघवी कमी होणारच असं सगळ्यांना वाटतं. शनिवारी मळमळ, अन्नावरची वासना उडालेली, पायावर थोडी सूज. पित्त झालं समजून घरी एक सलाईन लावलं जातं आणि त्यातच दुखण्याचं इंजेक्शन सोडलं जातं. रविवारी दम लागतो. मोठ्या दवाखान्यात रक्त तपासतात तर क्रिएटिनिन ५.२ निघतं. साधारण १.३च्या आत असायला हवं होतं.

इथे थांबा आणि लोकांनाच विचारा, याला परत फिरवता आलं असतं ते कोणत्या दिवशी? बरेच जण रविवार म्हणतात. बरोबर उत्तर गुरुवार. जुलाब सुरू झाले त्या क्षणी दुखण्याची गोळी बंद, ओआरएसचं एक पाकीट एक लिटर पाण्यात मिसळून थोडं थोडं पीत राहायचं आणि बीपीच्या गोळीचं काय करायचं हे त्याच दिवशी आरोग्य केंद्रात विचारायचं, इतकंच करायचं होतं. शुक्रवारची गडद लघवी ही दुसरी संधी होती.

पुढचंही सांगा, गोष्ट अर्धवट सोडू नका. गोळ्या बंद झाल्या, पाण्याची तूट मोजून भरली आणि दोन आठवड्यांत त्याचं क्रिएटिनिन १.४ वर आलं. वेळेत गेलं तर हे पुष्कळदा परत फिरतं. उशीर झाला तर काही दिवस डायलिसिस लागतं, आणि मूत्रपिंड आधीच दुबळं असेल तर ते पूर्ववत होईलच असं नाही.

पाचवी पायरी: मग दुखल्यावर घ्यायचं काय?

हे सांगितलं नाही तर आधीचं सगळं फुकट. कंबर दुखणाऱ्या माणसाला "आराम करा" म्हणणं सोपं आहे, पण त्याची मजुरी रोजावर असते. म्हणून ठरलेलं उत्तर द्या: नुसत्या पॅरासिटामॉलची ६५०ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. पट्टीवर दुसरं कोणतंही नाव नको. सर्दीची गोळी चालू असेल तर तिच्यात पॅरासिटामॉल आहे का ते पाहून तीही या हिशेबात धरायची. रोज दारू पिणाऱ्याने किंवा कावीळ झालेल्याने हे प्रमाणसुद्धा मनाने घ्यायचं नाही, कारण जास्त पॅरासिटामॉल यकृताला मारतं. दुखऱ्या जागी चोळायचं डायक्लोफेनॅकचं मलम रक्तात फार कमी जातं, त्यामुळे थोड्या जागेपुरतं ते गोळीपेक्षा बरं. तीन दिवसांत उतार नसेल तर दाखवायला यायचं.

पावसाळ्यानंतर डेंगीच्या दिवसांत तापासाठीही हाच नियम. डेंगीत प्लेटलेट घटलेल्या असतात आणि सूज-दुखीच्या गोळ्या रक्तस्रावाचा धोका वाढवतात.

सहावी पायरी: ठरलेले प्रश्न

पहिला प्रश्न बहुधा असा येतो: "आम्ही गॅसची गोळी जोडीला घेतो ना?" ती जठराला सांभाळते, मूत्रपिंडाला नाही. दुसरा: "गोळीनं पोट खराब होतं म्हणून आम्ही सुई घेतो." सुईतून तेच औषध रक्तात जातं आणि रक्तातून जठराच्या अस्तरावर आणि मूत्रपिंडावर तोच परिणाम करतं. रस्ता बदलला म्हणून औषध बदलत नाही. खान्देशात सुईवर श्रद्धा फार आहे, त्यामुळे यावर थोडा वाद होईल. होऊ द्या.

तिसरा प्रश्न बाजारातल्या जडीबुटीच्या पुड्यांचा. पुडी घेतल्याबरोबर वर्षानुवर्षांचा गुडघा मोकळा झाला तर तिच्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याची शंका घ्यावी. चेहरा गोल सुजल्यासारखा होणं, साखर वाढणं, कातडी पातळ होऊन सहज काळंनिळं पडणं या तिच्या खुणा. पण अशी पुडी बरेच महिने घेणाऱ्याला "आजपासून बंद" म्हणू नका. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं आणि एकदम बंद केल्यास माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊन दवाखान्यात ये, म्हणावं.

एखादे आप्पा मागून विचारतीलच, "ते गिधाडांचं खरं आहे का?" खरं आहे, आणि सांगण्यासारखं आहे. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि देशातल्या काही जातींची संख्या ९० टक्क्यांहून जास्त घटली. त्यामुळे २००६ साली सरकारने हे औषध जनावरांसाठी बंद केलं, आणि माणसांची मोठी बाटली गुरांना टोचली जाते म्हणून २०१५ साली माणसांसाठीचं इंजेक्शन ३ मिलीच्या एकाच मात्रेत विकण्याचं बंधन घातलं. म्हाताऱ्या माणसांनी गावाबाहेर गिधाडं पाहिलेली असतात, त्यांना हे पटकन भिडतं. फक्त लगेच जोडा की गिधाडाला हे औषध माणसापेक्षा कितीतरी जास्त विषारी आहे. नाहीतर गावात तीच एक गोष्ट भलत्याच रूपात फिरते.

सातपुड्याकडे, म्हणजे अक्कलकुवा-धडगाव भागात बोलत असाल तर सिकलसेलचा उल्लेख हवाच. त्या रुग्णांना दुखण्याचा झटका पाणी कमी झाल्यानेच येऊ शकतो आणि त्यांचं मूत्रपिंड आधीपासून नाजूक असतं. त्यांनी दुखण्याची गोळी आपल्या डॉक्टरांनी ठरवून दिली तेवढीच घ्यायची. तिथे पावरी किंवा भिली बोलणारी आशाताई शेजारी बसवून घ्या. इकडे जळगाव-धुळ्यात निदान एक प्रश्न अहिराणीत विचारा, "माय, तुम्ही कोनती गोयी खातस?" उच्चार चुकला तरी चालतो, बायका हसतात आणि मग खरं सांगतात.

सातवी पायरी: सभेनंतर काय बिघडतं

अशा सभेचा एक उलटा परिणाम होतो आणि त्याबद्दल नव्या डॉक्टरांना कुणी बजावत नाही. दुसऱ्या दिवसापासून काही जण भीतीने सगळ्याच गोळ्या सोडतात. हृदयात स्टेंट असलेला माणूस ॲस्पिरिन बंद करतो, कारण तीही दुखण्याची गोळी आहे असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं. बीपीवाले बीपीची गोळी टाकून देतात, कारण तुम्ही तिचं नाव ठिबकच्या उदाहरणात घेतलंत. म्हणून सभा संपवण्याआधी दोनदा, सावकाश सांगा: हृदयासाठी, बीपीसाठी, मधुमेहासाठी किंवा संधिवातासाठी डॉक्टरांनी चालू केलेली एकही गोळी या भाषणावरून बंद करायची नाही. शंका असेल तर गोळ्या पिशवीत घालून उद्या दवाखान्यात यायचं.

दवाखान्यात लगेच धाव घ्यायच्या खुणा आशाताईंना लिहून द्या. दुखण्याची गोळी घेतल्यावर आठ-दहा तास लघवी न होणं किंवा चहासारखी गडद होणं, पाय-चेहरा सुजणं, डांबरासारखी काळी, चिकट शी किंवा रक्ताची उलटी, गोळीनंतर दम लागणं, अंगावर फोड येऊन तोंड सोलवटणं. यातलं काहीही दिसलं तर १०८ला फोन. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, त्यामुळे गरोदर बाईने घाबरून जाण्याआधी ते विचारून घ्यावं. औषधाचा त्रास कळवण्यासाठी १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे. तिथे रुग्णही थेट कळवू शकतो.

सभा उठली तरी तुम्ही लगेच गाडीत बसू नका. खरं विचारायचं असतं ते लोक तेव्हाच जवळ येतात. बीपीचं यंत्र सोबत ठेवा. वर्षानुवर्षं रोज गोळी घेणारे, पायावर सूज असलेले आणि बीपीसोबत दुखण्याची गोळी घेणारे अशांची नावं वहीत लिहा आणि आठवड्याच्या आत त्यांचं क्रिएटिनिन तपासून घ्या. मेअखेरीस आशाताईंकडून पुन्हा पट्ट्या मागवा, तेच तीन ढीग करा आणि मार्चच्या ढिगांशी ताडून पाहा. तिसरा ढीग तितकाच उंच असेल तर पुढची बैठक मेडिकलवाला आणि मुकादम या दोघांसोबतच घ्या.